पाच हजार उर्फ तीन हजार

छताचा पंखा बंद असताना मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखावा, व्हिडिओ सुरू करावा आणि मग पंख्याचं बटण दाबावं. पडद्यावर पाती आधी सरळ वेग घेतात, मग एका क्षणी अडखळल्यासारखी दिसतात आणि चक्क उलटी फिरू लागतात. खोलीतला वारा मात्र सरळच वाहत असतो.

कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, असं धरू. पंखा मिनिटाला ३६० फेरे घेत असेल तर दोन चित्रांमध्ये प्रत्येक पातं ७२ अंश पुढे जातं. पण तीन पाती दिसायला सारखीच आणि त्यांच्यात अंतर १२० अंशांचं. म्हणजे पहिलं पातं ७२ अंश पुढे गेलं, तेव्हा मागून येणारं पातं पहिल्याच्या जुन्या जागेच्या ४८ अंश मागे येऊन पोचलं. डोळा जवळचं पातं धरतो आणि ‘पंखा ४८ अंश मागे गेला’ असं समजतो. हा घोळ नेमका कुठे सुरू होतो, तेही काढता येतं. दोन चित्रांत पातं १२०च्या निम्म्याहून, म्हणजे ६० अंशांहून जास्त सरकलं की सुरू होतो. आपल्या पंख्यासाठी ती सीमा मिनिटाला ३०० फेऱ्यांची.

हीच गोष्ट आवाजाच्या बाबतीत रोज घडू शकते आणि ती घडू नये म्हणून टेलिफोनच्या यंत्रणेत एक छोटी व्यवस्था असते. ती समजून घ्यायची तर आधी फोनवरचा ‘स’ ऐकायला हवा.

फोनवर कुणाला गाडीचा नंबर किंवा पॅन क्रमांक सांगताना ‘एस, एस... सातारा’ असं सांगावं लागतं. नाहीतर समोरचा ‘एफ’ लिहून घेतो. याचं कारण ओठांत किंवा कानांत नाही. ‘स’ उच्चारताना दातांजवळून जी हवा सुसाटते, तिचा बराचसा जोर सेकंदाला ४००० कंपनांच्या, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वर असतो. जुनी डिजिटल टेलिफोन यंत्रणा मात्र साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवते. ‘स’ला ‘स’पण देणारा भागच वाटेत गळतो.

तो मुद्दाम गाळलेला असतो. कारण या यंत्रणेत आवाजाची उंची सेकंदाला ८००० वेळा मोजली जाते आणि ते आकडे पुढे जातात. या मोजणीला सॅम्पलिंग म्हणतात. मधल्या क्षणांत काय झालं, त्याची नोंद कुठेच राहत नाही. तरीही पलीकडे आवाज जसाच्या तसा उभा करता येतो, पण एका अटीवर : मूळ आवाजातलं प्रत्येक कंपन मोजणीच्या दराच्या निम्म्याहून कमी असलं पाहिजे. इथे ४००० हर्ट्झहून कमी. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत टेलिफोन-तारयंत्रणेवर काम करणारे हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तारेवरून सेकंदाला किती स्पंदनं पाठवता येतील याचा हिशेब मांडला, त्यात या निम्मे-दुपटीच्या नात्याचं बीज आहे. सोव्हिएत रशियात कोतेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये आणि अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याला प्रमेयाचं रूप दिलं.

अट मोडली तर काय होतं? ५००० हर्ट्झचा एक शुद्ध सूर घेऊ. सेकंदाला ८००० मोजण्या, म्हणजे दोन मोजण्यांत हा सूर आपल्या आवर्तनाचे २२५ अंश पुढे जातो. शिखरापासून मोजायला सुरुवात केली तर उंची येते १, मग उणे ०.७१, मग ०, मग ०.७१, मग उणे १. आता ३००० हर्ट्झचा सूर घेऊ. तो दर मोजणीला १३५ अंश पुढे जातो. त्याचे आकडे : १, उणे ०.७१, ०, ०.७१, उणे १. तेच आकडे, त्याच क्रमाने, शेवटपर्यंत.

इथे सारं प्रकरण आहे. दोन वेगळ्या सुरांची नोंद एकच झाली. पोलिसांच्या कागदात एकाच माणसाला दोन नावं असली की मध्ये ‘उर्फ’ येतं. इंग्रजीत त्यालाच एलियास म्हणतात आणि या दोषाचं नाव त्यावरूनच पडलं : एलियासिंग. ८००० मोजण्यांच्या राज्यात ५००० हर्ट्झ म्हणजे उर्फ ३०००, ६००० म्हणजे उर्फ २०००, ७००० म्हणजे उर्फ १०००. ४०००च्या रेषेवर कागद दुमडावा, तसा वरचा भाग खाली येऊन पडतो. ‘स’चा सुसाटा मग नुसता हरवत नाही, तो खालच्या स्वरांत वेडावाकडा मिसळतो आणि जे बोलणं नीट ऐकू आलं असतं तेही गढूळ करतो.

आकडे एकदा घेतले की मागाहून कितीही ताकदीचा संगणक लावला तरी हातातला ३००० खरा की ५०००चा उर्फ, हे केवळ त्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. म्हणून चाळण आकड्यांच्या आधी, आवाज अजून विजेच्या लहरीच्या रूपात असतानाच लावावी लागते. लहरीचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरच्या दारात बसवलेला हाच तो अँटी-एलियासिंग फिल्टर. घरात पाणी शिरल्यावर बंधारा घालून उपयोग नसतो, तसंच हे.

चाळणीलाही मर्यादा असते. एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडून ३४०० हर्ट्झचा सर्वांत साधा फिल्टर केला, तर ५००० हर्ट्झचा सूर त्यातून निम्म्याहून जास्त ताकदीने, सुमारे ५६ टक्क्यांनी, पार होतो. सुरीने कापावं तसा आवाज कापणारा फिल्टर प्रत्यक्षात बनत नाही. त्याला उतार लागतो. ३४०० ते ४००० ही पट्टी रिकामी सोडली आहे, ती या उतारासाठी. एवढ्या अरुंद जागेत उतरायचं म्हणजे अनेक टप्प्यांचा, काटेकोर जुळवलेला फिल्टर हवा.

त्यातून अभियंत्यांनी छान वाट काढली. आधी ८००० ऐवजी त्याच्या ६४ पट, म्हणजे सेकंदाला ५,१२,००० मोजण्या घ्यायच्या. आता बोलण्याच्या पट्टीवर येऊन पडू शकणारी कंपनं ५,०८,६०० हर्ट्झपासून पुढची. तिथे तोच साधा फिल्टर सुराला दीडशेव्या हिश्शावर आणतो. मधली उरलेली सफाई संगणकी गणिताने करायची आणि मगच जादा मोजण्या टाकून द्यायच्या. हा क्रम चुकला, आधी मोजण्या टाकल्या आणि मग सफाई केली, तर पुन्हा उर्फ आलेच.

कंपनं किंवा आवाज मोजणाऱ्याला संशय आला तर एक सोपी परीक्षा आहे : मोजणीचा दर बदलून बघणं. दर ८००० वरून ९००० केला तर खरा ३००० तिथेच राहतो. ५०००चा उर्फ मात्र उडी मारून ४०००वर जाऊन बसतो.

आजच्या एचडी व्हॉइस कॉलमध्ये सेकंदाला १६,००० मोजण्या होतात आणि आवाज साधारण ७००० हर्ट्झपर्यंत पुढे जातो. दोन्ही बाजूंचे फोन आणि मधलं नेटवर्क त्याला जुळणारं असेल, तर ‘सातारा’ न म्हणताही ‘एस’ बहुधा ‘एस’च ऐकू जातो.