२.५७ चा गुणक आणि हातात पडलेली वाढ

सातव्या वेतन आयोगाने सरकारी नोकरांचा पगार अडीच पट केला, असे रत्नागिरीच्या कोर्टाबाहेरच्या टपरीवर आजही ऐकू येते. हिशेब मात्र वेगळेच सांगतो.

राज्य शासनाच्या सेवेत नुकताच लागलेला शिपाई घ्या. १ जानेवारी २०१६ रोजी सहाव्या आयोगाप्रमाणे त्याचे वेतन ४,४४० आणि ग्रेड पे १,३०० मिळून ५,७४० रुपये. त्यावर १२५ टक्के महागाई भत्ता ७,१७५. एकूण १२,९१५. सातव्या आयोगात त्याचे मूळ वेतन १५,००० झाले आणि भत्ता शून्यावर आला. खरी वाढ २,०८५ रुपये, म्हणजे सोळा टक्के. २.५७ पैकी २.२५ तर आधीच त्याच्या हातात होते. महागाईने गिळलेले परत मिळाले, त्याला लोक पगारवाढ म्हणतात. राज्याने हे वेतन प्रत्यक्ष दिले ते २०१९ मध्ये, आणि थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत.

केंद्राचा भत्ता जुलै २०२५ पासून ५८ टक्के झाला. म्हणून आठव्या आयोगाचा गुणक जाहीर होईल तेव्हा बांधवांनी तो आधी किमान १.५८ ने भागून पाहावा. उरेल तीच खरी वाढ.

आणि त्याच कार्यालयात झाडू मारणाऱ्या ठेकेदाराच्या कामगाराला हा गुणकच लागू नाही. त्याच्या जागेबरोबर आपले आरक्षणही गेले, याचा हिशेब कोणता आयोग करणार?