हप्ता की भाडं? आधी वर्षं मोजा

हिंजवडीत नोकरी करणारं एखादं नवं जोडपं वाकडला भाड्याने राहत असलं, की घरी येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा सांगून जातो, "भाड्यात पैसे कशाला घालवता? तेवढ्यात हप्ता जाईल." पुण्यात हे 'तेवढ्यात' खरं नाही. समजा, ज्या टू बीएचकेचं भाडं २८ हजार आहे, तसाच तयार फ्लॅट ९० लाखांना मिळतोय. बँक ८० टक्के, म्हणजे ७२ लाख कर्ज देईल. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता बसतो साडेबासष्ट हजार, भाड्याच्या दुपटीहून जास्त.

उरलेले १८ लाख पदरचे. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. हे पैसे बँक कर्जात धरत नाही. (घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. घरात यावर चर्चा जरूर व्हावी.)

"पण भाडं वाया जातं, हप्त्यातून घर आपलं होतं," असं पाहुणे म्हणतील. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या आणि पाच वर्षांनंतरची ओळ वाचा. तोवर साडेसदतीस लाख भरून झालेले असतात आणि कर्ज उतरलेलं असतं फक्त साडेआठ लाखांनी. बाकीचे २९ लाख व्याजात गेले. भाडं जसं परत येत नाही, तसं हेही येत नाही. त्यामुळे भाड्याची तुलना हप्त्याशी न करता घराच्या बुडीत खर्चाशी करायला हवी.

पाच वर्षांचा तो खर्च मांडू. व्याज २९ लाख. मुद्रांक आणि नोंदणी ६ लाख ६० हजार. सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून सुमारे सव्वातीन लाख. आणि पदरचे साडेचोवीस लाख घरात अडकल्यामुळे बुडालेलं ठेवीवरचं व्याज, कर वजा जाता सहा टक्क्यांनी, आठ लाखांच्या आसपास. एकूण ४७ लाख. त्याच पाच वर्षांत दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढणारं भाडं, एजंटची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च धरून भाडेकरूचे साडेएकोणीस लाख जातात. फरक साडेसत्तावीस लाखांचा. ९० लाखांचा फ्लॅट पाच वर्षांनी साडेसतरा लाख अधिक एक कोटीला विकला गेला, तर दोघं बरोबरीत. म्हणजे किंमत दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी वाढायला हवी.

हाच हिशेब तीन वर्षांचा केला, तर जवळपास सात टक्के वाढ लागते. दहा वर्षांचा केला, तर चारच टक्के पुरतात. कारण उघड आहे. मुद्रांक शुल्क एकदाच जातं आणि जितकी वर्षं राहाल तितकं ते पातळ होतं. भाडं दरसाल चढतं, हप्ता मात्र व्याजदर हलला नाही तर तिथेच राहतो. जुनी इमारत आणि गळकी लिफ्ट असलेल्या फ्लॅटची किंमत सात टक्क्यांनी वाढेल, यावर मी तरी पैज लावणार नाही. कर वाचतो म्हणून घर घ्या, हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला ५ टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही भरावं लागतं. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली आहे, तेवढं बुकिंगआधी पाहून घ्या.

भाड्याच्या बाजूने एक अट आहे. हप्ता आणि भाडं यांतला तीस-पस्तीस हजारांचा फरक खरोखर बाजूला पडला पाहिजे. तो हॉटेलात आणि नव्या गाडीत गेला, तर हप्त्याची सक्तीच बरी. शिवाय अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक घर रिकामं मागू शकतो. मूल शाळेत जायला लागल्यावर याची किंमत पैशांत मांडता येत नाही.

माझं मत असं: पुढची सात-आठ वर्षं याच शहरात, याच भागात राहायचं नक्की असेल, हप्ता दोघांपैकी एकाच्या पगारात बसत असेल आणि नोंदणीनंतरही सहा हप्त्यांचे पैसे खात्यात उरत असतील, तर घर घ्या. यांतलं एकही जमत नसेल, तर यंदाचा करार वाढवा आणि भाडं भरण्याच्या तारखेलाच एक आवर्ती ठेव सुरू करा.