‘काय रे, वाळलास की!’

बऱ्याच दिवसांनी मित्र दारात दिसला की आपण म्हणतो, ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!’ मालवणात ‘खंय होतंस रे मेल्या?’ अशी हाक येते आणि ऐकणाऱ्याला ती गोड लागते. या वाक्यांत एक तक्रार दडलेली असते: इतके दिवस आला नाहीस, आठवण येत होती. ती सरळ सांगायला संकोच वाटतो, म्हणून उघडउघड खोट्या गोष्टीत गुंडाळून दिली जाते. सूर्य पश्चिमेला उगवत नाही आणि मेलेला माणूस दारात येत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. थट्टा चालते ती या खोटेपणामुळे.

तरीही समोरचा पुष्कळदा गंभीरपणे उत्तर देतो. ‘अरे, मार्चअखेर होती, सुट्टीच मिळेना.’ पॉल ड्रू या ब्रिटिश अभ्यासकाने ध्वनिमुद्रित संभाषणं तपासून 1987 साली नेमकं हेच मांडलं. थट्टा कळलेला माणूसही, कधी हसत हसत, खरी माहिती देऊन ती दुरुस्त करतो. म्हणजे नुसत्या खुलाशावरून तो दुखावला असं समजू नये. खुलाशानंतर तो काय करतो ते पाहावं. ‘आणि तू कुठं होतास?’ असं उलट विचारलं तर सगळं ठीक आहे. उत्तर तुटक आलं आणि नजर दुसरीकडे वळली, तर थट्टा फसली आहे.

एका लग्नात माझ्याकडून ती अशीच फसली. कॉलेजचा मित्र तीन वर्षांनी भेटला. चारचौघांत मी म्हणालो, ‘काय रे, किती वाळलास! वहिनी उपाशी ठेवते की काय?’ बाकीचे हसले. तो ‘हो ना’ एवढंच म्हणाला आणि हातातल्या सरबताच्या पेल्याकडे पाहू लागला. तो खरोखरच वाळला होता. माझ्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं आणि नेमकं तेच बोचलं. त्यात आजूबाजूला हसणारे असल्यामुळे त्याला खरं कारण सांगायची सोयही उरली नाही.

‘अरे, गंमत केली’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले, हे बरं झालं. आपला हेतू निर्मळ होता हे आपल्याला आतून ठाऊक असतं, समोरच्याला फक्त शब्द ऐकू येतात. शिवाय ‘गंमत केली’ म्हटलं की न हसण्याचा दोष त्याच्याच माथी येतो.

पंगत बसायच्या आधी त्याला बाजूला घेतलं. ‘बरा आहेस ना? मी मघाशी चुकीचं बोललो,’ एवढंच म्हणालो. मग तो बोलला. सहा महिने क्षयाची औषधं चालू होती, नुकतीच संपली होती. ‘वहिनीचं म्हणशील,’ तो म्हणाला, ‘तर रोज दोन अंडी कोंबते ती माझ्या तोंडात.’ आणि तो हसला.