भटारखान्यातील आरोळ्या

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नमुंजीच्या पंगती उठतात, त्यांस वाढप्यांच्या आरोळ्या अपरिचित नाहीत. ‘भात, भात’, ‘मठ्ठा, मठ्ठा’ करीत वाढपी पानांपुढून जातो आणि ज्याला हवे तो हात पुढे करतो. परंतु या पंगतीत सर्वांना पदार्थ एकच आणि क्रमही एकच असतो. उपाहारगृहात हा सारा व्यवहार उलटा होतो. तेथे आरोळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, बाहेरून आत जाते. आणि प्रत्येक पानाची मागणी निराळी, वेळ निराळी, घाई मात्र सारखीच असते. वऱ्हाडात अमरावती-अकोल्याकडे बाजाराच्या दिवशी सकाळी एखाद्या फराळाच्या हॉटेलात शिरले, की मागील बाजूस जो गलका ऐकू येतो, तो ऐकून सुशिक्षित गृहस्थास आत भांडण जुंपले आहे असेच वाटावे. तो गलका वास्तविक काय असतो, हे अकोल्यातील अशाच एका भटारखान्याच्या दाराशी उभे राहून आम्ही काही सकाळी ऐकले. त्याचा थोडा उलगडा येथे करण्याचा विचार आहे.

प्रथम कोण कोठे उभा असतो ते पाहू. भट्टीवर मोठी कढई आणि तिच्यापुढे झारा घेतलेला मुख्य कारागीर; त्याच्या उजव्या हाताला पोह्यांचे पातेले आणि तर्रीचे, म्हणजे वर लाल तेलाचा तवंग आलेल्या चण्याच्या रश्श्याचे, भांडे सांभाळणारा दुसरा; पलीकडे चहावाला; मोरीपाशी ताटल्या धुणारा; आणि या सर्वांच्या व गिऱ्हाइकांच्या मध्ये एक खिडकी. त्या खिडकीशी वाढपी येतो आणि ओरडतो, ‘सहा बोंडे, दोन पोहे; एक तर्री जास्त, एक कोरडा!’ आकडा आधी, पदार्थ मागून, आणि पदार्थाचा विशेष सर्वांत शेवटी, असा हा क्रम ठरलेला आहे. कारागीर मान वर न करता तेच शब्द परत उच्चारतो. हा प्रतिसाद म्हणजे पोच होय. कढईच्या आवाजात ‘सात’ आणि ‘आठ’, ‘दोन’ आणि ‘तीन’ हे शब्द एकमेकांत सहज मिसळतात. कारागिराने ‘आठ’ म्हणून परत ओरडले, की वाढपी जागच्या जागी ‘सात, सात!’ अशी दुरुस्ती करतो. जो वाढपी पोच न घेता वळतो, त्याचे गिऱ्हाईक उपाशी राहते, आणि त्याचे खापर फोडण्यास पुढे कोणी सापडत नाही.

आता या आरोळीमागील हिशेब पाहावा. कोणी मागितले याच्याशी कारागिरास कर्तव्य नसते. एकूण किती, एवढेच त्याला हवे असते. समजा, कढईत एका वेळी वीस आलुबोंडे बसतात आणि एक घाणा निघण्यास सुमारे पाच मिनिटे लागतात. पहिल्या तीन आरोळ्यांत सहा, दोन आणि चार असे बारा बोंडे मागितले गेले. कारागिराने घाणा मात्र वीसचा सोडला. म्हणजे आठ बोंडे अजून कोणाच्याही नावाचे नाहीत. एवढ्यात चौथी आरोळी येते, ‘दहा बोंडे!’ कारागीर क्षणात उत्तरतो, ‘आठ याच्यात, दोन मागून!’ वाढपी टेबलापाशी परत पोहोचण्यापूर्वीच त्याला ठाऊक झालेले असते, की दहा जणांच्या त्या मंडळीपैकी दोघांना थांबावे लागणार. आणि कोणत्या दोघांना थोपवावे हेही तो चालता चालताच ठरवितो. कागद नाही, पेन्सिल नाही. ही बेरीज-वजाबाकी सर्वस्वी आवाजावर चालते, आणि जो आकडा ओरडला गेला नाही तो हिशेबात नाही, असाच तेथील दंडक असतो.

येथे एखादी गृहिणी विचारील, की गर्दी असताना वीसाऐवजी तीस बोंडे का सोडू नयेत? याचे उत्तर तिला स्वतःच्या कढईतच सापडेल. थंड बोंडे एकदम अधिक पडले की तेलाचा ताप उतरतो. बेसनाचे आवरण लवकर धरत नाही, बोंडा तेल पितो, एखादा फुटून आतील बटाटा बाहेर येतो व तेल काळे करतो. शेवटी पाच मिनिटांचा घाणा आठ मिनिटांवर जातो आणि तीसही बोंडे बिघडतात. कारागिराला हे डोळ्यांपेक्षा कानाने आधी कळते. बोंडा पडताच त्यातील पाण्याची वाफ होऊन तेल जोराने तडतडते. पाणी कमी होत गेले की तो आवाज हलका होतो, आणि तोच घाणा काढण्याचा इशारा असतो. परंतु सोडल्याबरोबरच आवाज दबला, तर तेल थंडावले असे समजावे. म्हणून कारागिराचा एक कान कढईकडे आणि दुसरा खिडकीकडे असतो. वाढप्यांनी मध्येच आपसात गप्पा आरंभिल्या, की तो जो खेकसतो, तो निव्वळ संताप नसतो. त्याला आपले तेल ऐकू येईनासे झालेले असते.

शब्दांचीही एक गंमत सांगण्याजोगी आहे. वऱ्हाडात कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात, आणि तेथील सांबारवडी प्रसिद्धच आहे. पुढे इडलीबरोबर दाक्षिणात्य सांबारही त्याच हॉटेलांत आले. आता ‘सांबार जास्त!’ अशी आरोळी आली तर काय समजावे? येथे क्रमच उपयोगी पडतो. पोह्यांच्या मागे ‘सांबार’ आला तर हिरवी पाने, इडलीच्या मागे आला तर डाळीचे कालवण. म्हणूनच पदार्थाचे नाव गाळून नुसता विशेष ओरडणे हा तेथे मोठा अपराध मानतात. चहाची परिभाषा त्याहून त्रोटक: ‘कट’ म्हणजे अर्धा प्याला, ‘फिका’ म्हणजे बिनसाखरेचा, ‘कडक’ म्हणजे पत्ती जास्त. आणि एखादा पदार्थ सरला की आतून एकच शब्द येतो, ‘खलास!’ तो प्रत्येक वाढप्याने आपल्यापुरता पुन्हा उच्चारावयाचा असतो. अमेरिकेतील उपाहारगृहांत याच अर्थाने ‘८६’ हा आकडा ओरडतात. आणि टोस्टवर ठेवलेल्या दोन अंड्यांना तेथील जुने वाढपी ‘तराफ्यावरचे आदम आणि ईव्ह’ म्हणत. फ्रान्समधील मोठ्या भटारखान्यांत तर मागण्या मोठ्याने पुकारण्यासाठी एक स्वतंत्र मनुष्य असे. त्याच्या हुद्द्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘भुंकणारा’ असा होतो.

आता विनोदाविषयी. त्यातील बराचसा भाग या पृष्ठांवर छापण्याजोगा नाही. परंतु जो छापता येतो, तोही पुरेसा बोलका आहे. एकदा बोंड्यांना उशीर झाला तेव्हा वाढपी खिडकीशी येऊन ओरडला, ‘तीन नंबरचं गिऱ्हाईक आलं तवा मिशी काळी होती, आता पांढरी होऊन राहिली!’ कारागिराने झारा न थांबविता उत्तर दिले, ‘मंग त्याले कलप दे, बोंडे पाच मिनिटानं!’ सारा भटारखाना हसला. परंतु या दोन वाक्यांत काय काय सांगितले गेले ते पाहावे. वाढप्याने टेबलाचा आकडा सांगितला आणि तेथील माणूस उठून जाण्याच्या बेतात असल्याचे कळविले. कारागिराने नवा घाणा नुकताच सोडल्याचे आणि नेमकी वेळ किती लागेल ते सांगितले. हेच जर ‘लवकर कर’ आणि ‘करतोच आहे’ अशा सभ्य शब्दांत झाले असते, तर कोणाच्याच ज्ञानात भर पडली नसती. दुसऱ्या एका प्रसंगी ताटल्या संपल्या तेव्हा कारागीर मोरीकडे पाहून म्हणाला, ‘अबे, प्लेटा धून राहिला का लेकराले आंघोळ घालून राहिला?’ ताटल्या कमी आहेत, हा त्याचा सरळ अर्थ. आणि हसू आल्यामुळे तो कोणास डागणीसारखा लागला नाही.

जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक, ज्याचा जन्म १९०३ साली बिहारात मोतिहारी येथे झाला, तरुणपणी पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात तळघरातील भांडी घासण्याच्या व हरकामाच्या नोकरीस होता. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डाऊन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’ या पुस्तकात त्याने तेथील जेवणाच्या वेळच्या शिवीगाळीचे वर्णन केले आहे. ती भांडणे नसती तर कामाचा तो वेग टिकलाच नसता, असे त्याचे मत पडले. प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याच्या आळसावर तुटून पडतो. गर्दी ओसरताच तीच माणसे शेजारी बसून चहा पितात, हे आम्ही अकोल्यातही पाहिले.

तथापि या थट्टेला एक मर्यादा असते आणि ती फार महत्त्वाची आहे. भटारखान्यात काही शब्द थट्टेत कधीही वापरीत नाहीत. गरम भांडे घेऊन कोणाच्या पाठीमागून जाताना ‘बाजू!’ किंवा ‘गरम!’ म्हणावयाचे असते. उकळत्या तर्रीचे पातेले हातात असता पुढचा मनुष्य अचानक वळला, तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही. एखाद्याने हसण्यासाठी दोनदा खोटेच ‘गरम!’ ओरडले, तर तिसऱ्या खऱ्या वेळी कोणी हलणार नाही. म्हणून इतर सर्व चेष्टा खपवून घेणारा तो कारागीर या एका शब्दाच्या चेष्टेवर मात्र त्या पोराला तत्काळ कढईपासून दूर मोरीवर धाडतो.

दुसरी मर्यादा माणसाची. थट्टेला उलट उत्तर देता येते तोवरच ती थट्टा. वाढपी कारागिरास बोलतो, कारागीर वाढप्यास बोलतो. दोघांची बाजू सारखी. परंतु पूर्वीच्या हॉटेलांत या सर्वांच्या खाली ‘पोऱ्या’ असे, दहाबारा वर्षांचा, घर सोडून आलेला. त्याच्यावर सारे हसत आणि त्याने हसणाऱ्यांस उत्तर द्यावे अशी सोय नसे. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व ढाब्यांवर कामास ठेवण्यास कायद्याने बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. इतकी वर्षे त्या पोऱ्याला जे ऐकावे लागले, त्याला आम्ही विनोद म्हणणार नाही. ज्या भटारखान्यात मोरीवरचा मनुष्यही कारागिरास टोला परत देऊ शकतो, तेथील गलका निरोगी समजावा. जेथे एकच मनुष्य नेहमी गप्प असतो, तेथे काही तरी बिघडलेले आहे.

मोठ्या हॉटेलांतून आता मागणी चिठ्ठीवर लिहून आत जाते, आणि तेथील भटारखाने बरेच शांत झाले आहेत. फराळाच्या लहान हॉटेलांत मात्र आरोळीच चालते. अशा ठिकाणी सहकुटुंब गेल्यास आमच्या वाचकांनी एवढे करावे: सर्वांची मागणी आपसात ठरवून एकदम सांगावी, आणि वाढपी खिडकीकडे वळल्यावर ‘अहो, सहा नको, पाचच’ असे मागून हाक मारून म्हणू नये. तोवर सहावा बोंडा तेलात पडलेला असतो. आणि आतून त्यावर जे उत्तर येते, ते मुलाबाळांनी ऐकण्याजोगे असेलच असे नाही.