एका अक्षरात लपलेलं साल

जुन्या जीन्सच्या मागच्या उजव्या खिशापाशी नखाएवढी लाल पट्टी शिवलेली असते. तिच्यावरचं एकच अक्षर त्या जीन्सच्या वयाचा मोठा पुरावा ठरतं!

लिव्हाय्जने ही पट्टी 1936 मध्ये लावली. कशासाठी? रोडिओच्या गर्दीतही आपली जीन्स लांबून ओळखू यावी म्हणून. दुरून दिसावी म्हणून शिवलेली ही पट्टी आज जुन्या फोटोंतही नेमकी दिसते.

आता तिच्यावरचं नाव बघा. सुरुवातीला सगळी अक्षरं इंग्रजीतली मोठी. 1967 मध्ये वॉल्टर लँडॉर यांच्या संस्थेने कंपनीला वटवाघळाच्या पंखांसारखा नवा लोगो करून दिला आणि त्यात 'ई' लहान झाला. पण खिशावरच्या पट्टीवर लहान 'ई' यायला 1971 उजाडलं. चार वर्षं जाहिरातीत एक 'ई' आणि खिशावर दुसरा! म्हणून जाहिरातीच्या फोटोवरून जीन्सचं साल ठरवलं तर फसायला होतं. साल ठरवायला खिशाचाच फोटो हवा.

समजा, हातात मोठ्या 'ई'ची जीन्स आहे. म्हणजे साधारण 1971 च्या आधीची. पण किती आधीची? पट्टी उलटून बघा. मागच्या बाजूलाही नाव विणलेलं असेल, तर ती 1950 च्या दशकातली किंवा नंतरची. आधी ते एकाच बाजूला असे. मग कमरेवरचा पॅच. खऱ्या चामड्याचा पॅच 1950 च्या दशकाच्या मध्याला गेला आणि पुठ्ठ्यासारखा आला. आपल्या जीन्सवर तोच आहे, आणि त्यावर 501 च्या पुढे दोन एक्स छापलेत. ते एक्स 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले. बघता बघता पस्तीस वर्षांचा पट्टा दहा-बारा वर्षांवर आला की नाही?

यातली खरी गंमत अशी की प्रत्येक खूण फक्त एका बाजूची सीमा सांगते. गल्ल्यात 2015 चं नाणं सापडलं, तर गल्ला त्याआधी बंद झालेला नाही, एवढंच कळतं. नवी खूण 'याआधीची नाही' म्हणते, जुनी खूण 'यानंतरची नसावी' म्हणते, आणि 'नसावी'च, कारण कारखान्यात जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे उरलेले असू शकतात. दोन्ही सीमा जिथे जवळ येतात तिथे साल दबा धरून बसलेलं असतं.

फसवणाऱ्या जागाही आहेत. काही पट्ट्यांवर नाव नसतंच, फक्त वर्तुळातला 'आर'. ती नक्कल नव्हे. कोऱ्या पट्टीवरही आपला हक्क राहावा म्हणून कंपनी मुद्दाम तशा पट्ट्या लावते. उलट, कंपनीनेच पुन्हा काढलेल्या जुन्या धाटणीच्या जीन्सवर मोठा 'ई' परत आला आहे. तिथे आतली बाजू तपासा. धुण्याच्या सूचनांची शिवलेली पट्टी अमेरिकेत 1972 पासून सक्तीची झाली. मोठा 'ई' आणि आत ती पट्टी, असा जोड दिसला की जीन्स आजोबांची नसून नातवाची असण्याचीच शक्यता जास्त!