दोन आरशांमधली फट आणि हायड्रोजनचा सूर्य

एक आरसा घ्या, असा की तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 टक्के परत पाठवतो आणि 20 टक्के पार जाऊ देतो. त्याच्यामागे, त्याला अगदी समांतर, तसाच दुसरा आरसा ठेवा. आता दोन्ही ओलांडून किती प्रकाश बाहेर येईल? साधा हिशेब सांगतो की वीस टक्क्यांचे वीस टक्के, म्हणजे 4 टक्के. पण आरशांमधलं अंतर नेमकं जुळलं असेल, तर एका ठरावीक तरंगलांबीचा जवळजवळ सगळाच प्रकाश पार होतो. हौशी खगोलप्रेमी ज्या खास दुर्बिणीतून सूर्याच्या कडेवरच्या लाल ज्वाळा बघतात, त्या दुर्बिणीचा जीव याच गोष्टीत आहे.

फ्रान्समधल्या मार्सेय विद्यापीठात शार्ल फॅब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी 1890च्या दशकाच्या अखेरीस हे उपकरण घडवलं. काचेच्या दोन सपाट तबकड्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर त्यांनी चांदीचा इतका पातळ थर दिला की आरसा तर झाला, पण थोडा प्रकाश आरपारही जात राहिला. अंतर पक्कं ठेवलेल्या अशा जोडीला आज इटॅलॉन म्हणतात.

मग तो हिशेब चुकतो कुठे? प्रकाश लाट आहे, हे त्यात धरलेलं नाही. फटीत शिरलेली लाट दुसऱ्या आरशावरून मागे येते, पहिल्यावरून पुन्हा पुढे जाते, आणि अशा फेऱ्या मारत राहते. एका फेरीचं अंतर तरंगलांबीच्या बरोबर पूर्ण पटीत असेल, तर प्रत्येक फेरीतली लाट आधीच्या लाटेवर शिखराला शिखर जुळवून बसते. फटीतला प्रकाश साठत जातो. आपल्या 80 टक्क्यांच्या आरशांत तो बाहेरून येणाऱ्या प्रकाशाच्या पाचपट होतो, आणि पाचपटीचे 20 टक्के म्हणजे पूर्ण शंभर. पहिल्या आरशावरून सरळ परावर्तित होणाऱ्या 80 टक्क्यांचं काय, असा प्रश्न उरतो. फटीत साठलेल्या प्रकाशाचा काही भाग त्याच आरशातून मागेही झिरपतो. तो शिखरासमोर दरी येईल अशा बेताने येतो आणि त्या परावर्तनाला पूर्ण खोडून काढतो. तरंगलांबी जुळली नाही की ही साठवण होत नाही. सर्वांत प्रतिकूल तरंगलांबीला जेमतेम सव्वा टक्का प्रकाश पार होतो.

आता हे सूर्याकडे वळवू. सूर्याच्या लख्ख पृष्ठभागाच्या वर वर्णगोल नावाचा विरळ थर आहे. तिथला हायड्रोजन 656.28 नॅनोमीटर या लाल तरंगलांबीला खूप क्रियाशील असतो. तिला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. कडेवर उसळणारे प्रॉमिनन्स याच रंगात झळकतात, पण बाकीच्या रंगांच्या झगमगाटात ते बुडून जातात. म्हणून या तरंगलांबीभोवतीची दशांश नॅनोमीटरच्या आतली चिंचोळी पट्टी तेवढी वेगळी काढावी लागते. साध्या रंगीत काचेचं हे काम नव्हे.

समजा, इटॅलॉनमधली हवेची फट जवळपास 0.2 मिलिमीटर आहे. तिच्यात हायड्रोजन-अल्फाच्या अर्ध्या तरंगलांबीचे बरोबर 610 तुकडे बसवले. पण त्याच फटीत थोड्या मोठ्या तरंगलांबीचे 609 तुकडे आणि थोड्या छोट्या तरंगलांबीचे 611 तुकडेही नेमके बसतात. त्यामुळे 657.36 आणि 655.21 नॅनोमीटरचा प्रकाशही तितकाच सहज पार होतो, आणि पलीकडेही अशी शिखरं फणीच्या दातांसारखी ओळीने उभी असतात. लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे फ्री स्पेक्ट्रल रेंज. इथे ती सुमारे 1.08 नॅनोमीटर आहे. ती ठरते फटीवरून: फट दुप्पट केली की शिखरं निम्म्या अंतरावर येतात.

हे नको असलेले दात अडवायला इटॅलॉनच्या जोडीला आणखी एक गाळणी लागते, जी फक्त मधलं शिखर पुढे सोडते. ही ब्लॉकिंग फिल्टर काढून इटॅलॉनमधून सूर्य बघणं म्हणजे डोळा गमावण्याची तयारी, कारण उरलेल्या सगळ्या शिखरांचा प्रकाश थेट आत येतो.

शिखर किती अरुंद, हे मात्र आरसे किती चांगले यावर अवलंबून असतं. दोन शिखरांमधलं अंतर शिखराच्या रुंदीच्या कितीपट आहे, या आकड्याला फिनेस म्हणतात. 80 टक्के परावर्तनाला फिनेस सुमारे 14 येतो, म्हणून आपल्या शिखराची रुंदी 1.08 भागिले 14, म्हणजे 0.077 नॅनोमीटर. वर्णगोल दिसायला एवढं पुरतं. परावर्तन 90 टक्के केलं तर फिनेस 30 होतो, 99 टक्क्यांना 300च्या वर जातो.

मग सरळ 99 टक्क्यांचेच आरसे का लावत नाहीत? कारण फिनेस वाढला की फटीकडून मागणीही वाढते. फिनेस 14 असताना फट 23 नॅनोमीटरने बदलली तरी शिखर स्वतःच्या रुंदीइतकं सरकतं. म्हणजे तबकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर त्याहून बऱ्याच कमी फरकाने सारखं हवं. फिनेस 300 असेल तर हीच मुभा एका नॅनोमीटरवर येते, आणि पाच-सहा सेंटिमीटर व्यासाच्या काचा इतक्या सपाट घासणं आणि समांतर धरणं फार अवघड. तबकड्या सपाट नसल्या तर आरसे कितीही उत्तम असोत, शिखर पसरट होतं. दुसरी अडचण आरशाच्या थरात मुरणाऱ्या प्रकाशाची. 80 टक्के परत आणि 15 टक्के पार जाऊन 5 टक्के थरातच जिरला, तर शिखराची उंची शंभरावरून 56 टक्क्यांवर येते. चांदीची हीच खोड होती. म्हणून आता चांदीऐवजी जवळपास काहीच न शोषणारे पारदर्शक पदार्थांचे थर एकावर एक चढवतात.

दुर्बिणीत काही बिघडलं की ते चित्रातच कळतं. शिखर हायड्रोजन-अल्फावरून सरकलं असेल तर नुसतीच गुळगुळीत लाल तबकडी आणि असलेच तर सौरडाग दिसतात. तंतू, ज्वाळा गायब. एका बाजूला बारकावे आणि दुसरी बाजू सपाट दिसली, तर इटॅलॉन तिरका बसला असण्याची किंवा फट सगळीकडे सारखी नसण्याची शंका घ्यावी. आणि उघड्या फटीचा इटॅलॉन मुंबईत जुळवून महाबळेश्वरला नेला, तरी शिखर 0.02 ते 0.03 नॅनोमीटर निळ्याकडे सरकतं. फट तेवढीच असते, पण घाट चढल्यावर हवा विरळ होते आणि फटीतली प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते. शिखराच्या रुंदीच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढा हा फरक आहे. काही दुर्बिणींत फटीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करून शिखर जागेवर आणतात, ते याच कारणाने.

दुसरा उपाय इटॅलॉन किंचित कलता करण्याचा. एक अंश कलला की शिखर 0.1 नॅनोमीटर निळ्याकडे जातं. कललेल्या इटॅलॉनमध्ये शिखर मुद्दाम हलवताही येतं, आणि त्याचा उपयोग फार मोठा आहे. सूर्यावरून आपल्या दिशेने सेकंदाला 46 किलोमीटर वेगाने झेपावणाऱ्या वायूचा हायड्रोजन-अल्फा प्रकाशही नेमका तेवढाच निळ्याकडे सरकलेला असतो. म्हणून सरळ इटॅलॉनमध्ये अंधुक असलेला एखादा तंतू कल दिल्यावर ठळक झाला, तर तो आपल्याकडे येतो आहे हे कळतं, आणि कल किती दिला त्यावरून त्याचा वेगही काढता येतो.