९७३ नंतर थेट ३०८: जबरदस्त हंगामानंतर खेळाडू 'घसरतो' तेव्हा नेमकं काय होतं?

आयपीएलच्या २०१६ च्या हंगामात विराट कोहलीनं १६ सामन्यांत ९७३ धावा काढल्या. सरासरी ८१.०८. त्याआधी टी-ट्वेंटीमध्ये त्याच्या नावावर एकही शतक नव्हतं. त्या दीड-दोन महिन्यांत त्यानं चार ठोकली. पंजाबविरुद्धच्या ११३ धावा तर हाताला टाके असताना काढलेल्या. एका हंगामात इतक्या धावा आयपीएलमध्ये त्याआधी कोणीच केल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, १० सामन्यांत ३०८ धावा. सरासरी ३०.८०.

अशा वेळी काय बोललं जातं हे सगळ्यांना पाठ आहे. यश डोक्यात गेलं. कर्णधारपदाचं ओझं झालं. जाहिरातींत लक्ष जास्त. गोलंदाजांनी त्याला 'वाचलं'. यातलं एखादं कारण थोडंफार खरंही असेल. पण यातलं एकही कारण नसतं, तरी कोहलीची सरासरी २०१७ मध्ये खाली येणारच होती. का, ते त्याच्याच आकड्यांवरून नीट कळतं.

आधी पाच वर्षं, नंतर पाच वर्षं

२०१६ चा हंगाम क्षणभर झाकून ठेवू. त्याच्या आधीच्या पाच हंगामांत, म्हणजे २०११ ते २०१५ मध्ये, कोहलीची सरासरी अशी होती: ४६, २८, ४५, २८, ४६. नंतरच्या पाच हंगामांत, २०१७ ते २०२१ मध्ये: ३१, ४८, ३३, ४२, २९.

आधीच्या पाच वर्षांत मिळून तो ६३ वेळा बाद झाला आणि त्यानं २,४१९ धावा केल्या. एकत्रित सरासरी ३८.४. नंतरच्या पाच वर्षांत ६० वेळा बाद, २,१७३ धावा. एकत्रित सरासरी ३६.२.

म्हणजे डोंगराच्या अलीकडचं पठार आणि पलीकडचं पठार जवळपास एकाच उंचीवर आहे. २०१७ मध्ये कोहली दरीत कोसळला नाही, तो डोंगरावरून खाली उतरला. ३१ ची सरासरी त्याच्यासाठी नवीनही नव्हती. २०१२ आणि २०१४ मध्ये ती याहून कमी होती. पण त्या हंगामांच्या मागे ८१ चा आकडा उभा नव्हता, म्हणून त्यांचा एवढा गाजावाजा झाला नाही.

संख्याशास्त्रात याला 'रिग्रेशन टू द मीन' म्हणतात. साध्या मराठीत, सरासरीकडे परतणं. एखादी कामगिरी नेहमीच्या पातळीपासून फार दूर गेली, की त्यानंतरची कामगिरी बहुतेक वेळा त्या पातळीच्या जवळ येते.

बारा वेळा बाद होणं म्हणजे किती?

चाळीसच्या सरासरीचा फलंदाज दर डावात ४०, ३८, ४२ असा खेळत नाही. तो ४, ७३, ०, ११, ९२ असा खेळतो. बॅटची कड घेतलेला चेंडू एकदा स्लिपच्या हातात जातो, एकदा दोन हातांवरून चौकार जातो. झेल सुटतो. पंचांचा निर्णय वाचवतो किंवा घात करतो. खेळाडू तोच असतो, पण डाव वेगळे.

लांबलचक कारकिर्दीत हे चढउतार एकमेकांना खातात. एका आयपीएल हंगामात त्यांना तेवढी जागाच मिळत नाही. २०१६ मध्ये कोहली फक्त १२ वेळा बाद झाला. ९७३ पैकी ४३० धावा चार डावांत आल्या आणि त्यातल्या दोन शतकांत तो नाबाद राहिला. त्यातला एखादा डाव दहाव्या चेंडूवर संपला असता, तर हंगामाची गोष्ट बरीच वेगळी दिसली असती.

हा हेलकावा किती मोठा असू शकतो, याचा अंदाज बांधता येतो. फलंदाजाच्या डावांतला चढउतार ढोबळमानानं त्याच्या सरासरीएवढाच असतो. म्हणजे ३८ च्या फलंदाजासाठी ३८. हंगामाच्या सरासरीतला हेलकावा काढायचा, तर त्याला बाद होण्याच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं. बाराचं वर्गमूळ साडेतीनच्या आसपास, म्हणून उत्तर येतं ११. याचा अर्थ, कौशल्यात काडीचाही बदल न होता ३८ च्या फलंदाजाचा हंगाम २७ चाही जाऊ शकतो आणि ४९ चाही. आता वरचे दहा आकडे पुन्हा पाहा. सगळेच्या सगळे २७ ते ४९ या पट्ट्यात बसतात.

मग ८१? तो या पट्ट्याच्या फार बाहेर आहे. म्हणूनच 'सगळं नशीब होतं' म्हणणं चूक ठरेल. २०१६ मध्ये कोहली खरोखरच त्याच्या नेहमीपेक्षा वरच्या दर्जाचं खेळत होता, आणि त्याच वेळी फासेही त्याच्या बाजूनं पडत होते. एवढा टोकाचा आकडा बहुधा या दोन्हींची बेरीज असतो. पुढच्या वर्षी कौशल्य सोबत येतं, फासे मात्र नव्यानं टाकावे लागतात.

२०१७ सुरू होण्यापूर्वी कोहलीकडून किती अपेक्षा ठेवायला हवी होती? आधीची पाच वर्षं आणि २०१६ एकत्र केलं, तर ७५ वेळा बाद आणि ३,३९२ धावा. सरासरी ४५. डोळस अपेक्षा एवढीच होती, ८१ ची नव्हे. २०१७ आणि २०१८ मिळून त्याची सरासरी ४० च्या जवळ राहिली. अंदाज थोडा चुकला, पण ८१ धरून बसलेल्यांइतका नाही.

उलटी तपासणी

आता एक सोपी युक्ती. एखाद्याच्या सर्वोत्तम वर्षानंतरची घसरण 'यश डोक्यात गेल्यामुळे' आली असं कोणी म्हटलं, तर त्या वर्षाच्या आधीचं वर्ष काढून बघायचं.

तेही कमीच निघतं. कोहलीचं २०१५ चं वर्ष ४६ चं होतं. २०१६ चं यश २०१५ मध्ये कोणाच्या डोक्यात जाणं शक्य नाही. मग २०१५ कमी का? कारण आपण यादीतला सर्वात उंच आकडा निवडला आहे. सर्वात उंच निवडलं की शेजारचे ठेंगणे असणारच, डावीकडचेही आणि उजवीकडचेही. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईवडील आणि मुलांच्या उंचीवर काम करताना हेच पाहिलं होतं. खूप उंच आईवडिलांची मुलं सरासरीनं त्यांच्यापेक्षा कमी उंच असतात. आणि उलटं पाहिलं, तर खूप उंच मुलांचे आईवडीलही सरासरीनं मुलांपेक्षा कमी उंच असतात. काळाच्या दोन्ही दिशांना चालणाऱ्या गोष्टीला 'बिघाड' म्हणता येत नाही.

प्रत्येक घसरणीचं उत्तर हेच का?

नाही. हे हत्यार हातात आलं की ते सगळीकडे चालवायचा मोह होतो. २०१७ मध्ये कोहलीच्या खांद्याला दुखापत होती आणि हंगामाच्या सुरुवातीचे सामने त्याला मुकावे लागले. त्याचा स्ट्राइक रेटही १२२ वर आला, जो २०१५ च्या १३१ पेक्षाही कमी होता. स्ट्राइक रेट शेकडो चेंडूंवर मोजला जातो, त्यामुळे सरासरीइतका तो लहरी नसतो. तो आधीच्या पातळीच्याही खाली जातो, तेव्हा दुखापतीचा थोडा हात असावा असं मानायला जागा आहे. नेहमीच्या पातळीपर्यंत उतरणं एक आणि तिच्याही खाली जाणं वेगळं. कारण शोधायचं ते दुसऱ्या प्रकारात.

शिवाय ती पातळी स्वतःच बदलू शकते. २०२२ मध्ये कोहलीची सरासरी २३ पर्यंत गेली. त्यानंतरचे तीन हंगाम ५३, ६२ आणि ५५. एक हंगाम पट्ट्याबाहेर गेला तर नशीब म्हणता येतं, सलग तीन गेले तर काहीतरी खरंच बदललंय. २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमामुळे आयपीएलमध्ये एकूणच धावा वाढल्या, हेही त्यात आहेच.

लेस्टरमध्ये याची किंमत कोणी मोजली

कोहलीला फार तर ट्रोलिंग सोसावं लागलं. दुसरीकडे याच गैरसमजात नोकऱ्या जातात.

कोहली ९७३ धावा काढत होता, त्याच महिन्यात, मे २०१६ मध्ये, इंग्लंडमध्ये लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबनं प्रीमियर लीग जिंकली. त्याआधीच्या हंगामात ते ४१ गुणांसह चौदावे होते. विजेतेपदाच्या हंगामात ८१ गुण. त्यानंतरच्या हंगामात ४४ गुण आणि बारावं स्थान. पुन्हा तेच चित्र: दोन्हीकडे पठार, मध्ये डोंगर. मधल्या फळीतला एन्गोलो कान्टे चेल्सीला गेला, हे खरं नुकसान होतंच. पण ८१ गुणांचा संघ म्हणून लेस्टरकडे बघणं ही मुळातली चूक होती.

प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना विजेतेपदानंतर नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये काढून टाकलं. तेव्हा लेस्टरचे २५ सामन्यांत २१ गुण होते. त्यांच्या नेहमीच्या पातळीपेक्षाही कमी. त्यांचे सहाय्यक क्रेग शेक्सपिअर यांच्याकडे सूत्रं आली आणि संघानं लीगमधले पुढचे पाचही सामने जिंकले. निर्णय अचूक ठरल्यासारखं वाटलं.

पण प्रशिक्षक बदलले जातात तेच मुळी संघ तळाला असताना. तळाला असलेला संघ बऱ्याचदा तसाही वर येतो आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. त्या पाच सामन्यांतून १५ गुण आले. उरलेल्या आठ सामन्यांतून आले फक्त ८, म्हणजे सामन्याला एक. चौदाव्या क्रमांकाच्या हंगामातही लेस्टरची गती जवळपास हीच होती.

शेक्सपिअर यांना उन्हाळ्यात कायमची नेमणूक मिळाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनाही काढण्यात आलं.